काळी कढई बिडाची की जर्मनची? फोटोवरून भांडं ओळखताना

नागपूरच्या इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर बसून मला बावीस वर्षं झाली. पूर्वी लोक पिशवीत भांडं घालून आणायचे आणि विचारायचे, "हे कशाचं आहे हो?" आता व्हॉट्सॲपवर फोटो येतो. हातात भांडं असलं की त्याला टिचकी मारता येते, त्याचं वजन कळतं, लोहचुंबक लावून पाहता येतं. फोटोत यातलं काहीच नसतं. तरी फोटो नीट असेल तर बरंच सांगता येतं.

मागच्या महिन्यात मनीषनगरच्या वहिनींचा फोटो आला. कोणीतरी जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात एक काळीकुळकुळीत कढई होती. खाली लिहिलं होतं, 'आजीच्या काळातली बिडाची कढई, 1800 रुपये'. विकणारा पार कामठीकडचा. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, एवढ्या उन्हात जाऊ का नको? बिडाची असली तर घेते."

बीड म्हणजे ओतीव लोखंड. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून केलेलं भांडं. आपल्याकडे ॲल्युमिनियमला अजून 'जर्मन' म्हणतात, आणि पातेल्याला विदर्भात 'गंज' म्हणतात. त्यामुळे 'जर्मनचा गंज' म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, त्याचा जर्मनीशी काही संबंध नाही. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मी फोनवर म्हटलं होतं, "घरचा गंज दाखवा," तर त्यांनी लोखंडी तव्यावरचा तांबेरा दाखवला. तिकडे गंज म्हणजे तांबेरा, हे मला तेव्हा कळलं.

कढईकडे येऊ. पहिल्या फोटोत लोक रंग पाहतात आणि तिथंच फसतात. काळी कढई पाच तऱ्हेची असू शकते. बिडाची, पत्र्याच्या लोखंडाची, हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची, काळं कोटिंग दिलेल्या ॲल्युमिनियमची, आणि धुरात भाजलेल्या काळ्या मातीची. शिवाय कोणतीही कढई चुलीवर वर्षभर ठेवली की काजळीने काळी होतेच. म्हणून मी रंग सोडून देतो आणि आधी काठ पाहतो.

काठ पाहायचा तो भांड्याच्या तोंडाशी, जिथे धातूची जाडी उघडी दिसते. पत्र्याची कढई साच्यावर दाबून किंवा ठोकून करतात. तिचा काठ पातळ असतो, दीड-दोन मिलिमीटरचा, किंवा मग तो बाहेर वळवून गोल केलेला असतो, आपण साडीची किनार दुमडतो तसा. ओतलेल्या भांड्याचा काठ मात्र जाड आणि भरीव असतो, तो वळवलेला नसतो. मातीचा काठ सगळ्यांत जाड. तो चाकावर बोटाने दाबून काढलेला असतो, म्हणून एकसारखा नसतो, एका बाजूला जाड तर दुसऱ्या बाजूला बारीक.

काठाची जाडी फोटोवरून कशी मोजायची? वहिनींना म्हटलं, विकणाऱ्याला सांगा, काठाला दहाचं नाणं टेकवून फोटो काढ. दहाच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. फोटो आला, तेव्हा काठाची जाडी नाण्याच्या रुंदीच्या साधारण सातव्या भागाएवढी दिसत होती. म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. इथे पत्र्याची कढई बाद झाली. नाणं काठाला चिकटूनच हवं. कॅमेऱ्याच्या जवळ धरलं तर ते मोठं दिसतं आणि हिशेब चुकतो.

मग कान. कढईला दोन बाजूंना पकडायला असतात ते. पत्र्याच्या कढईला कान वेगळे करून रिव्हेट मारून बसवतात, आणि रिव्हेटची गोल टोपी आतून बाहेरून दिसते. ओतलेल्या भांड्यात कान भांड्याबरोबरच ओतलेले असतात. सांधा नसतो, भांड्याच्या भिंतीतूनच कान बाहेर वाढल्यासारखा दिसतो. वहिनींच्या कढईचे कान असेच निघाले. वहिनी लगेच म्हणाल्या, "म्हणजे बिडाचीच ना!"

इथे आमच्या धंद्यातले लोकही घसरतात. ॲल्युमिनियमसुद्धा ओततात. ओतीव ॲल्युमिनियमच्या कढईला जाड काठ असतो, एकसंध कान असतात, आणि वाळूच्या साच्यात ओतली असेल तर अंगावर बिडासारखाच दाणेदार खरबरीतपणाही असतो. वरून काळं कोटिंग किंवा काळा रंग चढवला की फोटोत दोघी जुळ्या बहिणी वाटतात. काठ आणि कान फक्त एवढंच सांगतात की भांडं ओतलेलं आहे, पत्र्याचं नाही. कशाचं ओतलं, ते त्यांच्याकडून कळत नाही.

ते झिजेवरून कळतं. प्रत्येक धातू झिजताना आणि कुजताना आपला रंग दाखवतो. लोखंड नारिंगी-तपकिरी गंजतं. ॲल्युमिनियम तांबूस कधीच गंजत नाही. त्याच्यावर पांढरट किंवा राखाडी डाग पडतात, बारीक खड्डे पडतात, आणि घासलं की चांदीसारखं चकाकतं. पितळ-तांब्यावर हिरवट थर येतो. मातीला गंज नाही, टवका उडाला की आत विटकरी किंवा काळपट दाणेदार माती दिसते.

म्हणून मी दोन जागांचा जवळून फोटो मागवला. एक बुडाचा, आणि दुसरा काठाच्या आतल्या बाजूचा, जिथे ढवळताना सराटा वर्षानुवर्षं आपटतो. सराटा म्हणजे आपला उलथनं. बुडाच्या फोटोत तपकिरी डाग होते, आणि वहिनींनी लगेच त्यावर बोट ठेवलं, "हा पाहा तांबेरा." मी फोटो मोठा करून पाहिला. तो तांबेरा नव्हता. ते जळालेलं तेल होतं. तांबेरा मऊ, पावडरीसारखा आणि निस्तेज दिसतो, त्याच्याखाली पृष्ठभाग टोचल्यासारखा खडबडीत होतो. जळालेलं तेल चकाकतं, त्याच्या कडा मधाच्या रंगाच्या असतात, आणि ते ओघळलेल्या थेंबांच्या आकारात असतं, वरून खाली. वहिनींच्या फोटोत दोन ओघळ स्पष्ट दिसत होते. तेल कोणत्याही धातूवर जळतं, त्यामुळे या डागांवरून काहीच ठरत नव्हतं.

काठाच्या आतल्या फोटोत खरी गोष्ट होती. जिथे सराटा लागतो तिथे काळा रंग निघून एक पट्टा उघडा पडला होता, आणि तो पांढुरका चमकत होता. जुन्या बिडाच्या कढईत तिथे गडद करडा, तेलकट चकाकणारा पट्टा दिसतो, किंवा भांडं न वापरता पडून राहिलं असेल तर तांबूस. ताज्या घासलेल्या बिडावरही क्षणभर चांदीसारखी झाक येते, हे खरं. पण ते ओलं राहिलं की नागपूरच्या पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतं. आजीच्या काळापासून वापरलेल्या कढईचा पांढरा पट्टा पांढराच राहिलेला असेल, तर लोखंडाची शक्यता फार कमी उरते.

तरीही फोटोवरून शंभर टक्के म्हणता येईना. उजेडाचा खेळ असतो. फ्लॅश मारला की करडं लोखंडही पांढरं चमकतं. म्हणून मी वजनाकडे वळलो. वजन फोटोत दिसत नाही असं वाटतं, पण थोडा हिशेब केला तर दिसतं.

कढईची रुंदी 26 सेंटिमीटर आणि खोली 8 सेंटिमीटर, असं विकणाऱ्याने लिहिलं होतं. कढई म्हणजे चेंडूचा कापलेला तुकडा मानला, तर तिचं पृष्ठफळ काढायचं सूत्र सोपं आहे. रुंदीच्या निम्म्याचा वर्ग आणि खोलीचा वर्ग यांची बेरीज करायची आणि तिला 3.14 ने गुणायचं. 13 चा वर्ग 169, 8 चा वर्ग 64, बेरीज 233. त्याला 3.14 ने गुणलं की सुमारे 730 चौरस सेंटिमीटर. चार मिलिमीटर म्हणजे 0.4 सेंटिमीटर जाडी धरली, तर धातूचं घनफळ सुमारे 292 घन सेंटिमीटर. बिडाचा एक घन सेंटिमीटर साधारण 7.2 ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा 2.7 ग्रॅम. म्हणजे ही कढई बिडाची असेल तर दोन किलोच्या वर, 2.1 किलोच्या आसपास. ॲल्युमिनियमची असेल तर पाऊण किलोच्या जरा वर, 790 ग्रॅम. कानांचे शंभरेक ग्रॅम दोन्हीकडे जास्त धरा. हिशेबात थोडी चूक झाली तरी एवढं मोठं अंतर ती झाकू शकत नाही.

पत्र्याच्या लोखंडाचा हिशेब यातच का बसत नाही? त्याच मापाची दोन मिलिमीटर पत्र्याची कढई सव्वा किलोच्या खालीच येते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या जवळ. नुसतं वजन पाहिलं तर पत्र्याचं लोखंड आणि जाड ॲल्युमिनियम एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी काठ आणि मग वजन, हा क्रम मी सोडत नाही.

विकणाऱ्याच्या एका फोटोत एक पोरगा कढई एका कानाला धरून, हात लांब करून, हसत उभा होता. दोन किलोचं भांडं तसं धरलं की मनगट खाली झुकतं आणि अंगठा ताणला जातो. त्याचा हात अगदी मोकळा होता. मी वहिनींना म्हटलं, "स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगा. आणि जाऊ नका इतक्यात."

काट्याचा फोटो यायला तीन दिवस लागले. मधल्या काळात वहिनींनी घरातल्या जुन्या भांड्यांचे फोटो पाठवायचा सपाटाच लावला, त्यात एक मातीचं भांडं फार छान होतं. त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण भांडं कशाचं आहे हे कळणं एक, आणि ते कशासाठी आहे हे कळणं दुसरं.

मातीचं एक गोल, मोठं भांडं. बाहेरून बुडाला गुळगुळीत, तपकिरी, एका बाजूला थोडे काळे ठिपके. आतून मात्र कोळशासारखं काळं. वहिनींच्या सासूबाईंचं. वहिनींना वाटलं, यात काहीतरी करपलं असेल. मी म्हटलं, करपलं नाही, हे उलटं वापरायचं भांडं आहे. आपल्याकडे लांब रोटी करतात, कोणी मटका रोटी म्हणतं. त्याचं पीठ इतकं सैल भिजवतात की ते हातांवर झेलत, कोपरापर्यंत ताणत पातळ करतात आणि उलट्या मडक्यावर पसरतात. मडक्याचं तोंड चुलीच्या जाळावर, बुड वर. मग काजळी कुठे बसणार? आत. आणि बाहेरून जिथे पोळी पसरते ती जागा पिठाने आणि तेलाने घासून घासून गुळगुळीत होते.

तीच माती, तोच आकार, पण भाजी शिजवायच्या हंडीवर काजळी बाहेर बुडाला बसते आणि आतून मसाल्याचा तांबूस-पिवळा डाग राहतो. पिण्याच्या पाण्याच्या माठावर काजळी कुठेच नसते, उलट बाहेर पांढरट खार फुटलेला असतो, कारण पाणी मातीतून झिरपतं, वाळतं आणि त्यातले क्षार मागे राहतात. आपल्या मे महिन्यात पंधरा दिवसांत माठावर तो दिसायला लागतो. फोटोत काजळी कुठे आहे आणि खार कुठे आहे एवढं पाहिलं, तरी माठ, हंडी आणि रोटीचं मडकं वेगळं काढता येतं. हे कळलं नाही तर पंचाईत होते. माठ चुलीवर ठेवला तर तडकतो, कारण तो पाणी झिरपू देण्यासाठी केलेला असतो, जाळ सोसण्यासाठी नाही.

आता फोटोबद्दल. माझ्याकडे येणारे निम्मे फोटो निकामी असतात आणि दोष भांड्याचा नसतो. पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेल्या फोटोत फोन स्वतःच कडा धूसर करतो, आणि मला तर कडाच पाहायच्या असतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं, मग बिडाचे दाणे पुसले जाऊन तो गुळगुळीत दिसतो. 'एचडी'वर ठेवून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर दाणे वाचतात. आणि उजेड समोरून नको. सकाळी आठ-नऊच्या सुमारास खिडकीतून तिरपं ऊन येतं, त्यात भांडं आडवं धरलं की प्रत्येक दाण्याची बारीक सावली पडते. दुपारी बाराच्या उन्हात सगळं सपाट दिसतं, फ्लॅशमध्ये त्याहून सपाट. काळ्या वस्तूचा फोटो काढताना फोन उजेड वाढवतो, त्यामुळे काळी कढई करडी दिसते. शेजारी एखादा पांढरा कागद ठेवला की खरा रंग किती बदललाय ते कळतं.

आणि काही गोष्टी कितीही चांगला फोटो असला तरी दिसत नाहीत. ॲल्युमिनियम कुठलं, शुद्ध की भंगार वितळवून केलेलं, हे डोळ्यांना कळत नाही. 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, हिंडालियम आणि पितळेच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं, अशी सूचना काढली. शिसं असलेलं आणि नसलेलं भांडं फोटोत सारखंच दिसतं. मातीच्या भांड्यावरच्या चकाकत्या लेपाचंही तेच. अशा वेळी मी सरळ सांगतो, हे फोटोवरून सांगता येणार नाही, ते प्रयोगशाळेचं काम आहे.

कढई कशाची हे एकदा कळलं की तिच्यात काय शिजवायचं हेही ठरतं. वहिनींना ती कढी-गोळ्यांसाठी हवी होती. मी म्हटलं, बिडाची निघाली तरी कढी तिच्यात नको. ताक आंबट असतं, लोखंड त्यात उतरतं, कढी काळपट होते आणि तोंडात लोखंडाची चव येते. साध्या ॲल्युमिनियमलाही चिंच, टोमॅटो, ताक सोसत नाही. कोटिंग शाबूत असेल तर चालतं, पण या कढईचं कोटिंग सराट्याने उडालेलं होतं. कढीला स्टीलचा गंज किंवा मातीची हंडी बरी. बिडाची कढई सावजी मटणाच्या मसाल्यासाठी, भाकरीबरोबरच्या झुणक्यासाठी, तळणासाठी. ती सावकाश तापते पण उष्णता धरून ठेवते, त्यामुळे तळताना भजी टाकली की तेल एकदम थंड पडत नाही. ओतीव ॲल्युमिनियम लवकर आणि सगळीकडे सारखं तापतं, पण गॅस बंद केला की तेवढ्याच लवकर निवतं.

आणखी एक, जे फोटोतच दिसतं ते बुडाचं. या कढईचं बूड गोल होतं. वहिनींकडे नवी इंडक्शन शेगडी आहे. इंडक्शनला सपाट बूड लागतं, आणि भांडं लोहचुंबकाला चिकटणारं लागतं. म्हणजे कढई कशाचीही निघाली तरी त्या शेगडीवर ती चालणारच नव्हती. हे मी पहिल्याच फोटोवरून सांगायला हवं होतं, पण धातूच्या नादात राहून गेलं.

चौथ्या दिवशी काट्याचा फोटो आला. आकडा होता 905 ग्रॅम. खाली विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'आई नेहमी बिडाचीच म्हणायची हो.' त्याने फसवलं असं मला वाटत नाही, त्यालाही माहीत नसणार.

"मग?" वहिनी म्हणाल्या.

"जर्मनची आहे. अठराशे काहून द्यायचे? तीनशेला देत असेल तर बोंडे तळायला घ्या, गॅसवर."

संध्याकाळी त्यांचा फोन आला, तीनशे पन्नासला ठरलं होतं.

"कामठीचं पेट्रोल कोण देणार, ते त्याला विचारलं नाही," त्या म्हणाल्या.